छत्रीची दुरुस्ती: जूनचं काम वेगळं, जुलैचं वेगळं

प्रश्न: बदलापूरला स्टेशनजवळ वडिलांची छत्री आणि बॅग दुरुस्तीची बैठक आहे. त्यांचे गुडघे गेले, म्हणून यंदापासून मी बसतो. चार महिने बरे गेले, पण मे महिन्यात 18 हजारांचा माल भरला होता, त्यातला निम्मा पडून आहे आणि जुलैत नेमक्या काड्या संपल्या. आता पाऊस संपत आला, पुढे काय? मित्र म्हणतो, पुढच्या वर्षी जोडीला मक्याच्या कणसांची गाडी लाव. वर्षाचा हिशोब कसा बसवायचा, जरा सविस्तर सांगा.

उत्तर: मी ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला 27 वर्षं बसतोय. पहिली तीन वर्षं माझंही तुमच्यासारखंच झालं. मे महिन्यात होलसेलवाल्याकडून सगळं थोडं थोडं आणायचो. जुलैत काड्या नसायच्या आणि ऑक्टोबरात मुठींची पिशवी माझ्याकडे बघत बसायची. छत्री मोडण्याचेही हंगाम असतात, हे मला तोवर कळलं नव्हतं.

जूनमध्ये जी छत्री येते ती पावसानं मोडलेली नसतेच. ती कपाटावर आठ महिने पडून मेलेली असते. गेल्या वर्षी ओली गुंडाळून ठेवली, दांड्याच्या आत गंज धरला, खटका बसला. काडीच्या टोकाला कापड बांधणारा सुती दोरा कुजला. रबरी मूठ चिकट झाली. बटणाच्या छत्रीची स्प्रिंग अडकली. घरात सगळ्या काड्या शाबूत दिसतात, आणि पहिल्या सरीला रस्त्यात उघडताच दोन पाकळ्या काडीवरून निसटून फडफडायला लागतात. अशा गिऱ्हाइकाला काडी लागत नाही. त्याला दोरा, टोकाची टोपी, खटका, मूठ आणि चार थेंब मशीनचं तेल लागतं.

जुलैत वारा येतो. छत्री मोडतो तो वाराच, पाऊस नव्हे. छत्री उलटते, काडी वाकते आणि आधाराची काडी जिथे रिव्हेटनं जोडलेली असते त्या भोकापाशी तुटते, कारण पत्रा तिथेच सगळ्यात कमी असतो. जुलै म्हणजे काड्यांचा महिना. ऑगस्टच्या मध्यापासून तिसरा प्रकार सुरू होतो, घासून झिजण्याचा. दांड्यावर सरकणारी नळी ढिली होते, खटका धरत नाही, काड्या ओवलेली तार तुटते.

तुमच्या 18 हजारांचं काय झालं ते आता तुम्हालाच दिसेल. जूनचा माल कमी पडला नाही, उलट जास्त झाला, आणि जुलैचा माल तुम्ही मे महिन्यातच अंदाजानं आणला होता. माझी पद्धत अशी की मे महिन्यात खरेदीच्या रकमेचा एक तृतीयांशच खर्चायचा आणि तोही फक्त दोरा, टोप्या, खटके, मुठी, तार, चेनचे रनर यांच्यावर. पाऊस महिनाभर लांबला तरी हे वाया जात नाही, कारण छत्री कपाटातून कधीही निघाली तरी तिचं दुखणं हेच असतं. काड्या मात्र पहिला वाऱ्याचा पाऊस झाल्यावर, समोर आलेल्या पहिल्या 50 छत्र्या बघून आणायच्या. दरवर्षी बाजारात कुठल्यातरी एकाच मापाच्या स्वस्त छत्र्यांचं पीक येतं. ते कुठलं, हे मे महिन्यात होलसेलवालाही सांगू शकत नाही.

दोन वर्षं शेजारी ठेवून बघा

मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख 11 जून आहे. माझी आई तारखा बघत नाही, तिचं मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं आणि तिच्या हिशोबानं त्या आधी छत्री दुरुस्तीला देणारा माणूस शहाणा. शाळा साधारण 15 जूनला उघडतात. या तीन तारखा जवळजवळ असल्या की धंदा सुखाचा. त्या विखुरल्या की खेळ बदलतो.

2023 साली मुंबईत मान्सून 25 जूनला आला. शाळा उघडल्या, मुलं कोरडी गेली, कोरडी आली. माझ्या वहीत त्या जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत रोजचे 300-400 रुपये आहेत, तेही बॅगांचे. मग जुलै असा कोसळला की मी आणि माझा भाचा दोघं बसूनही रात्री टोकन लावून छत्र्या घरी न्यायचो. आणि लगेच ऑगस्ट कोरडा. देशभरात 1901 पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. वर्षाची बेरीज केली तर नेहमीपेक्षा फार कमी नव्हती, पण सगळे पैसे जेमतेम पाच आठवड्यांत आले. ज्यांनी मे महिन्यात उधारीवर काड्या भरल्या होत्या त्यांना जूनमध्ये होलसेलवाल्याचे फोन सुरू झाले. मी काड्या घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे माझा जून नुसता रिकामा गेला, कर्जात गेला नाही.

यंदा, म्हणजे 2025 साली, नेमकं उलटं झालं. 26 मेलाच मान्सून मुंबईत, नोंदींमधलं सगळ्यात लवकर आगमन. अर्धं ठाणं गावाला गेलेलं, शाळांना सुट्टी. माझ्याकडे दोरा आणि खटके होते म्हणून चार दिवस बरे गेले. मग मान्सून जवळजवळ पंधरा-अठरा दिवस अडकून पडला. तुम्ही त्या चार दिवसांची गर्दी बघून घाबरून परत माल भरला असणार, अशी माझी शंका आहे. पहिल्या सरीची गर्दी ही जूनची गर्दी असते, ती मे महिन्यात आली तरी. तिच्यावरून जुलैचा अंदाज करू नका.

हवामान खात्याचा एप्रिलचा अंदाज मी वाचतो, पण त्यावर एक रुपयाची खरेदी करत नाही. तो सांगतो हंगामात एकूण किती टक्के पाऊस. मला एकूण पावसाशी काय करायचंय? शंभर मिलिमीटर एका रात्रीत पडला तर लोक झोपलेले असतात. तोच आठवडाभर संध्याकाळी 6 ते 8 पडला तर माझी दिवाळी. मला उपयोग होतो तो दर गुरुवारी निघणाऱ्या दोन ते चार आठवड्यांच्या अंदाजाचा. कोकण पट्ट्यावर पुढचा आठवडा हिरवा की पिवळा-तपकिरी एवढंच नकाशावर बघतो आणि शुक्रवारी काड्यांची ऑर्डर त्याप्रमाणे देतो. त्या-त्या दिवशीचा इशारा बघायचा तो वेगळ्या कारणासाठी. लाल इशाऱ्याला बैठक लावायचीच नाही. यंदा ऑगस्टच्या 18-19 तारखेला लोकल खोळंबल्या तेव्हा मी घरी होतो. धंदा 20 तारखेला सकाळी आला, आणि तीन दिवस थांबला नाही.

एक छत्री जवळून

त्याच आठवड्यात एक मुलगी तीन घडीची छत्री घेऊन आली. म्हणाली, "काका, दोन काड्या गेल्यात, किती घ्याल?" मी आधी भाव सांगत नाही. छत्री अर्धी उघडून मुठीकडून वर बघतो. तुटलेल्या काड्या शेजारशेजारच्या असल्या तर वाऱ्यानं उलटलेली, बाकीच्या बहुधा ठीक. समोरासमोरच्या असल्या तर लोकलमध्ये दबलेली किंवा कुणी वर बसलेलं, आणि मग दांडाही वाकलेला निघतो. सगळ्याच काड्या एकदम लुळ्या पडल्या असतील तर घाबरायचं काम नाही, एकही काडी मोडलेली नसते. वरच्या चकतीतली किंवा सरकत्या नळीतली तार तुटलेली असते, म्हणजे दहा मिनिटांचं काम. नवीन माणूस इथे गिऱ्हाइकाला "सगळी गेली" म्हणून परत पाठवतो आणि 50 रुपये घालवतो.

हिच्या शेजारशेजारच्या होत्या. लांब काळ्या छत्रीची काडी तुटली असती तर मी जुन्या काडीचा नालीसारखा तुकडा बोटभर कापून तुटक्या जागेवर पकडीनं दाबून बसवला असता. त्या छत्रीत हे वर्षं-दोन वर्षं टिकतं. तीन घडीच्या छत्रीत काडी सांध्यापाशी तुटते, तिथे तुकडा चढवला तर घडीच पडत नाही. म्हणून पूर्ण काडी बदलायची.

आधी तुटक्या काडीचे आणि तिच्या दोन्ही बाजूच्या काड्यांचे टाके सोडवायचे. कापड टोकाला बांधलेलं असतं आणि मध्ये एक-दोन ठिकाणी टाचलेलं असतं. शेजारच्या काड्यांचेही टाके सोडवले नाहीत तर कापड ओढलं जाऊन शिवण फाटते. मग वरच्या चकतीत बघायचं. तिला खाचा असतात, प्रत्येक खाचेत एका काडीचं डोळं, आणि सगळ्या डोळ्यांतून एकच तार गोल फिरवून पीळ दिलेली. हा पीळ सोडून तार ओढली की सगळ्याच काड्या सुटून मांडीवर येतात, आणि मग त्या परत लावण्यात अर्धा तास जातो. माझ्या वडिलांनी शिकवलेली युक्ती अशी: जुन्या तारेच्या टोकाला नवी तार अडकवायची आणि जुनी बाहेर ओढत असतानाच तिच्या मागोमाग नवी आत सरकवायची. तुटक्या काडीचं डोळं आलं की थांबायचं, तेवढी एक काढायची, नवी ठेवायची, पुढे सरकायचं. खालच्या सरकत्या नळीवर आधाराच्या काडीसाठी हेच पुन्हा.

नवी काडी फूटपट्टीनं मोजून निवडू नका. घडी केलेल्या अवस्थेत शेजारच्या काडीला चिकटवून धरा. सांधे समोरासमोर आले पाहिजेत. लांबी बरोबर आणि सांधा अर्धा सेंटिमीटर वर असला तरी छत्री मिटताना तिथेच अडकते, गिऱ्हाईक जोर लावतं आणि संध्याकाळी परत येतं. तार गंज न धरणारी घ्या, तांब्याची नको. तांबं मऊ असतं, ओढ बसली की लांबतं आणि काड्या खुळखुळतात. शेवटी दोन-अडीच पीळ, उरलेलं कापायचं आणि टोक आत वळवायचं. हे टोक बाहेर राहिलं तर महिन्याभरात कापडाला बरोबर वरती भोक पाडतं. शिवायला नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा, मेणावरून एकदा ओढलेला. सुती दोऱ्यानं शिवलं तर पुढच्या जूनला तीच छत्री त्याच कामासाठी येईल. काही जण मुद्दाम तसं करतात, त्यांची गिऱ्हाइकं आता माझ्याकडे आहेत.

झालं की दहा वेळा उघडझाप करायची आणि टोकाकडून सरळ बघायचं, आठही पाकळ्या सारख्या ताणलेल्या दिसतात का. बाटलीनं वर पाणी ओतायचं. पाणी दांड्यावरून आत उतरत असेल तर शिवण नव्हे, वरच्या टोपणाखालची चकती गेलेली असते. त्या मुलीचे दोन काड्यांचे 140 रुपये घेतले. छत्री तिनं 350 ला घेतलेली. माझी मर्यादा ही अशीच आहे: दुरुस्ती नव्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी स्वतःच सांगतो की नवी घ्या, आणि ही मोडकी 20 रुपयांना मला द्या. तिचं काय करतो ते पुढे येईल.

एक प्रकार मात्र मी हातात घेत नाही. एकाच बटणानं उघडणारी आणि मिटणारी तीन घडीची छत्री. तिच्या दांड्यात दाबलेली स्प्रिंग असते. दांडा खोलला की वरचा भाग गोळीसारखा सुटतो. 2011 साली माझ्या भुवईला चार टाके पडले. काडी बदलून देतो, दांड्याचं काम सांगितलं तर हात जोडतो. तुम्हीही जोडा.

रेनकोटचं थोडक्यात

रेनकोटची निम्मी कामं चेनची असतात, ती तुम्हाला येतातच. पावसाळी चेनला धातूचा रनर गंजून अडकतो, म्हणून प्लास्टिकच्या दातांची चेन टाका. फाटण्याच्या कामात दोन चुका सगळे करतात. पहिली, जाड प्लास्टिकच्या रेनकोटला सुईनं शिवणं. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि पुढे तोच भाग भोकांच्या रेषेवर टराटरा फाटतो. दुसरी, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावणं. ते रबराचं आहे, या प्लास्टिकवर दोन दिवस धरतं आणि सोलून निघतं. प्लास्टिकच्या पाइपला किंवा हवेच्या खेळण्यांना चालणारं वेगळं सोल्युशन मिळतं, आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा, प्लास्टिक वितळून भोक पडत नाही ना. मग जुन्या रेनकोटचाच तुकडा, फाटीच्या चहूबाजूंनी दोन बोटं जास्त, कडा गोल कापलेल्या, आतून लावायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचा.

कापडी रेनकोट आणला आणि आतल्या बाजूनं पांढरा पापुद्रा निघत असेल तर परत द्या. पाणी अडवणारा थरच कुजलाय, त्यावर काहीही लावा, पैसे घेतल्याची लाज वाटेल.

मक्याच्या गाडीबद्दल

तुमच्या मित्राचा सल्ला ऐकायला गोड आहे. माझ्या मेव्हण्यानं सहा वर्षं कणसं भाजली, मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे कणीस खाल्लं आहे, त्यामुळे धंदा वाईट असं म्हणणार नाही. पण तो जोडधंदा म्हणून तुमच्या कामाचा नाही. कणीस रिमझिम पावसात संध्याकाळी 5 ते 8 विकलं जातं, म्हणजे ज्या वेळी तुमच्यासमोर लोकलमधून उतरलेली मोडक्या छत्र्यांची रांग असते बरोबर त्याच वेळी. मुसळधार पावसात दोन्ही बंद, आणि कोरड्या ऑगस्टात दोन्ही मंद. एकाच ढगावर दोन्ही पाय ठेवण्यासारखं आहे. शिवाय उरलेली काडी मी पुढच्या वर्षी वापरतो. उरलेलं कणीस दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतं, कारण तोडल्यापासून त्याच्यातली साखर तासागणिक पिठात बदलत असते. मेव्हण्याला रोज पहाटे बाजार गाठावा लागायचा आणि पाऊस हुकला की त्या रात्री आमच्या घरी कणसाचा उपमा. घरात दुसरा माणूस रिकामा असेल आणि त्याला हे करायचं असेल तर जरूर लावा, पण हिशोब वेगळा ठेवा.

तुम्हाला जोड हवी ती पाऊस नसताना वाढणारी. ती तुमच्याकडे आहेच, बॅगांची. दिवाळीच्या सुट्टीआधी, लग्नसराईत आणि एप्रिल-मे महिन्यात गावाला जाताना लोकांना एकदम आठवतं की ट्रॉलीबॅगेचं चाक गेलंय. जूनच्या आधी दप्तरं येतात. ही कामं छत्रीसारखी एकदम कोसळत नाहीत, पण आठ महिने सारखी झिरपत राहतात. एप्रिलमध्ये उन्हाच्या छोट्या छत्र्याही येतात, मुख्यतः बायकांच्या. त्या हातात पडल्या की मी विचारतो, "घरात पावसाच्या किती आहेत? आत्ताच आणा, दोन दिवसांत देतो, शिवणकाम निम्म्या पैशात." मे महिन्यात अशा 60-70 छत्र्या येतात. त्यात मला फार सुटत नाही, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली रांग तेवढी कमी होते, आणि रांग बघून जी माणसं निघून जातात ती थांबतात.

पैशांचं

माझ्या वहीतलं एक साधारण वर्ष सांगतो, आकडे गोल केलेत. जून ते सप्टेंबर 122 दिवसांत मी 95 दिवस बसतो. त्यातले 40 दिवस खऱ्या गर्दीचे, रोजचे सरासरी 2,200. 35 दिवस मध्यम, 900 चे. 20 दिवस कोरडे, 400 चे. एकूण 1,27,500. म्हणजे 40 दिवसांत 88,000, जवळपास 70 टक्के. माल आणि भाच्याचे पैसे धरून 25-26 हजार जातात, हाताशी लाखभर राहतात.

या लाखाचे मी गर्दीच्या दिवशीच भाग करतो, महिनाअखेरीला नाही. गर्दीच्या दिवसाचे 2,200 आले तर घरात 900 द्यायचे, जितके मध्यम दिवसाला देतो तितकेच. उरलेले मालाचे पैसे वजा करून पोस्टात. घरातल्यांना 2,200 चा दिवस आणि 900 चा दिवस सारखाच दिसला पाहिजे. मला हे सांभाळायला दहा वर्षं लागली आणि बायकोला दोन. ऑक्टोबरपासून बॅगांचे रोजचे पाच-सहाशे येतात, कमी पडेल तेवढं पोस्टातून. मे महिना उजाडताना त्यात 12 हजार शिल्लक असले पाहिजेत: 4 हजार जूनच्या मालाला आणि 8 हजार काड्यांना, ते मान्सून खरा स्थिरावल्यावर.

फेरीवाल्यांच्या पीएम स्वनिधी कर्जाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. पहिलं कर्ज आधी 10 हजारांचं होतं, 2025 साली ते 15 हजार केलं. कर्ज चांगलं आहे, व्याजात सवलत मिळते, फक्त परतफेड दरमहा सारखी असते आणि आपली कमाई सारखी नसते. मी ते एकदा मे महिन्यात घेतलं आणि जानेवारी-फेब्रुवारीचे हप्ते भरताना नाकी नऊ आले. घ्यायचंच तर वर्षाचे हप्ते पोस्टातल्या पैशातून निघतील एवढंच घ्या. पालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र वडिलांच्या नावावर असेल तर तुमच्या नावाचं काय करायचं ते आधी वॉर्डात विचारून घ्या. हे काम पावसाळ्यात काढू नका, एक दिवस गेला तर गर्दीचा दिवस जातो.

आत्ता, या महिन्यात

पुढच्या जुलैच्या काड्या मिळायचा हंगाम आत्ता आहे. दसरा ते दिवाळी घराघरात साफसफाई होते आणि मोडक्या छत्र्या एकदम बाहेर पडतात. तुमच्या भागातल्या दोन-तीन भंगारवाल्यांना आजच सांगून ठेवा की छत्र्या चेपू नका, मी नगावर घेतो. त्यांना किलोनं लोखंडाचे जे मिळतात त्यापेक्षा नगाला पाच-सहा रुपये जास्तच पडतात, म्हणून ते राखून ठेवतात. मी दरवर्षी दीड-दोनशे घेतो. त्यामुळे होलसेलच्या काड्या मला निम्म्याच लागतात, आणि जुन्या बंद झालेल्या मापाच्या काड्या तर दुसरीकडे मिळतच नाहीत.

घरी आणल्या की त्याच दिवशी उघडून उन्हात टाका. ओल्या गठ्ठ्यात ठेवल्या तर महिन्यात सगळ्यांना गंज. मग नोव्हेंबरच्या रिकाम्या दुपारी एक-एक सोडवायची. काडी सांध्यापाशी दोन बोटांत धरून हलकी वाकवून बघायची, करकरली किंवा बोटाला तपकिरी लागलं की भंगारात. चांगल्या निघाल्या त्या तेलाच्या फडक्यानं पुसून, मापाप्रमाणे आठ-आठची जुडी बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लांबी आणि घड्या लिहायच्या. लांब छत्रीच्या काड्या वेगळ्या. आधाराच्या काड्या मूळ काडीपासून तोडू नका, जोडीनंच ठेवा. खटके, टोपणं, टोकाच्या टोप्या डब्यांत. कापड कात्रीनं फाडून काढू नका, शिवण उसवून पाकळ्या सुट्या ठेवा. काळ्या आणि नेव्ही निळ्या सगळ्या ठेवा, फुलाफुलांच्या पाच-सहा बस झाल्या, त्या जुळत नाहीत.

तुमच्याकडे उरलेल्या निम्म्या मालात रबरी मुठी असतील तर त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, रबर चिकट होतं. टाल्कम पावडर चोळून खोक्यात ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच लागणार आहेत.